अण्णांच्या भिंतीवरचा नकाशा: रंग भरायचा की गोल काढायचे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक अण्णा आहेत, माझी त्यांची ओळख जुनी. त्यांना ऑफिसच्या भिंतीवर लावायला महाराष्ट्राचा एक नकाशा पाहिजे होता, ए३ साइजचा, ज्यात कुठलं शहर किती मोठं हे लांबून बघितलं तरी कळलं पाहिजे. कारण सरळ होतं. कुठल्या गावात डीलर नेमायचा आणि कुठं फक्त महिन्यातून एकदा माणूस पाठवायचा, हे ठरवताना दरवेळी फोनवर आकडे शोधत बसायला लागायचं. भाच्याला क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर थोडंफार येत होतं, त्याने दोन दिवस बसून नकाशा केला, प्रिंट काढली, आणि अण्णा ती घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बघ की बाबा हे, सगळं बरोबर केलंय म्हणतोय पोरगं, पण मला ह्यात मुंबईच दिसंना झालीय."

खरंच दिसत नव्हती. आणि पोराने काही आळस केला होता असं नाही, आकडे सगळे २०११ च्या जनगणनेचे होते, एकही चुकलेला नव्हता. चुकला होता तो नकाशाचा प्रकार. आकडे बरोबर असून नकाशा खोटं बोलतो हे मी इतक्यांदा बघितलंय की हे प्रकरण नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

भाच्याने केलं काय, तर जिल्ह्यांच्या सीमांची फाईल घेतली, शहरांच्या लोकसंख्येचा तक्ता घेतला, दोन्ही नावावरून जोडले आणि ज्या शहराची लोकसंख्या जास्त त्या जिल्ह्यात गडद रंग भरला. शाळेच्या भूगोलात याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात, बातम्यांमध्ये पाऊस, निवडणूक, साक्षरता सगळं ह्यातच दाखवतात, त्यामुळे नकाशा म्हटलं की हात आपोआप तिकडंच जातो.

आता शाईचा हिशोब करून बघा, मी अण्णांना हाच करून दाखवला. ए३ आडव्या कागदावर महाराष्ट्र बसवायचा तर साधारण १ सेमीला २५ किमी असं प्रमाण येतं, म्हणजे कागदावरचा १ चौरस सेमी म्हणजे जमिनीवरचे ६२५ चौरस किमी. मुंबई शहर जिल्हा आहे १५७ चौरस किमीचा, त्याला कागदावर मिळतो पाव चौरस सेमी, म्हणजे ५ मिमी बाय ५ मिमीचा ठिपका, कपाळावरच्या टिकलीएवढा. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किमीचा, त्याला मिळतात २३ चौरस सेमी. गडचिरोली शहराची लोकसंख्या ५४,१५२ आणि मुंबईची १ कोटी २४ लाख ४२ हजार, म्हणजे मुंबई जवळपास २३० पट मोठी, पण कागदावर गडचिरोलीला मुंबईच्या ९० पट जास्त जागा. रंग कितीही फिका भरा आणि मुंबईत कितीही गडद भरा, डोळा आधी मोठ्या तुकड्याकडेच जाणार. अहमदनगर (आता अहिल्यानगर) तर क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, २७ चौरस सेमी, आणि शहर किती, तर साडेतीन लाखांचं. अण्णांच्या नकाशात बरोबर मधोमध तोच सगळ्यात ठळक बसला होता.

मूळ गोष्ट इतकीच आहे की ह्या प्रमाणावर शहर म्हणजे एक बिंदू असतो आणि जिल्हा म्हणजे पसरलेली जमीन. सोलापूर महापालिकेची हद्द १७८ चौरस किमी, जिल्हा १४,८९५ चौरस किमी. शहरात ९,५१,५५८ माणसं राहतात तो आकडा घेऊन आपण करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत सगळ्या रानावर पसरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की तिथं सगळीकडेच तेवढी दाट वस्ती आहे.

मग रंगांची वाटणी. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण इथं भाच्याने खूप वेळ घालवला होता आणि त्याला वाटत होतं की अडचण फक्त इथंच आहे. पहिल्यांदा त्याने Equal Interval लावून पाच रंग केले. सगळ्यात लहान गडचिरोली ५४ हजार, सगळ्यात मोठी मुंबई १.२४ कोटी, ह्या अंतराचे पाच सारखे भाग केले की एकेक भाग येतो जवळपास २४.८ लाखांचा. म्हणजे पहिला रंग सुरू होतो ५४ हजाराला आणि संपतो २५.३ लाखाला. नागपूर २४.०६ लाखांचं, तेही पहिल्याच रंगात! नागपूर आणि गडचिरोली एकाच रंगाचे, पुणे एकटं दुसऱ्या रंगात, तिसरा आणि चौथा रंग कुणालाच नाही, आणि पाचवा त्या टिकलीएवढ्या मुंबईला. नकाशा सगळा एकरंगी झाला.

ते बघून त्याने बदलून Equal Count लावलं, चार रंग, म्हणजे प्रत्येक रंगात सारखेच जिल्हे. आता नकाशा दिसायला एकदम छान झाला, चारही रंग सगळीकडे पसरले, आणि हीच प्रिंट अण्णांनी आणली होती. पण सगळ्यात गडद रंगात कोण कोण? मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), सोलापूर आणि अमरावती. अमरावती ६.४७ लाख आणि मुंबई १.२४ कोटी, १९ पटीचा फरक, आणि रंग एकच. अण्णा म्हणाले, "म्हणजे ह्या नकाशावरनं मी अमरावतीला मुंबईएवढा माल पाठवू का?" भाचा गप्प झाला, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण दोन्ही वेळा सॉफ्टवेअरने त्याने सांगितलं तेच केलं होतं. शहरांची लोकसंख्या असतेच अशी वाकडी, वर दोन-चार राक्षस आणि खाली शेकडो लहान, तिला चार-पाच खणांत कोंबायला गेलं की एक तर सगळे लहान एका खणात जातात नाही तर मोठे आणि मध्यम एकत्र होतात. Jenks, म्हणजे आकड्यांत जिथं मोठी फट असेल तिथं खण पाडणारी पद्धत, लावलं तर थोडं सुधारतं पण मुंबईचा ठिपका ठिपकाच राहतो.

तिसरी भानगड मात्र प्रिंटवर दिसतच नव्हती, आणि अण्णांच्या धंद्यासाठी तीच सगळ्यात महाग पडली असती. मी भाच्याला विचारलं, तक्त्यात किती शहरं होती रे? म्हणाला, दादा, लाखाच्या वरची झाडून सगळी होती, आणि जिल्ह्याची ठिकाणं पण घातली होती. आणि नकाशावर किती आली? ते त्याने मोजलं नव्हतं. जोडणी नावावरून केली होती ना, म्हणजे शहराचं नाव आणि जिल्ह्याचं नाव सारखं असेल तरच शहर नकाशात शिरणार. सोलापूर शिरलं, लातूर शिरलं, नाशिक शिरलं. रायगड जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, सिंधुदुर्गाचं ओरोस, हे दोन्ही जिल्हे कोरे राहिले, जणू तिथं माणूसच नाही. सांगलीची महापालिका तक्त्यात सांगली-मिरज-कुपवाड नावाने होती, तीही गेली. ग्रेटर मुंबईचं नाव त्याने हाताने बदलून मुंबई शहर जिल्ह्याला जोडलं होतं, पण तो १.२४ कोटीचा आकडा मुळात दोन जिल्ह्यांचा मिळून आहे, शहरात ३०.८५ लाख आणि उपनगरात ९३.५७ लाख, आणि उपनगर जिल्हा बिचारा कोरा. आणि पिंपरी-चिंचवड, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, आपली बार्शी, ह्यांच्या नावाचा जिल्हाच नाही, त्यामुळे ही सगळी शहरं गुपचूप गळाली. कुठंही लाल अक्षरात चूक दाखवली जात नाही, जोडणी झाली म्हणून सांगतं आणि गप्प बसतं.

आणि समजा नावं नीट केली असती, तरी एका जिल्ह्याला एकच रंग देता येतो. २०११ च्या ठाणे जिल्ह्यात ठाणे १८.४१ लाख, कल्याण-डोंबिवली १२.४७ लाख, वसई-विरार १२.२२ लाख, नवी मुंबई ११.२० लाख, शिवाय भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर. एका तुकड्यात एवढी शहरं, रंग कुणाचा भरायचा? ह्याला रंगाच्या नकाशात उत्तरच नाही.

म्हणून मी जिल्ह्यांचे रंग काढून टाकले, सीमा फक्त बारीक करड्या रेषेने ठेवल्या, आणि प्रत्येक शहर त्याच्या जागेवर बिंदू म्हणून घेतलं, अक्षांश-रेखांशावरून, नावाचा काही संबंधच नाही. मग प्रत्येक बिंदूवर लोकसंख्येच्या प्रमाणात गोल.

इथं एक गोष्ट भाच्याकडून लगेच चुकली, आणि ती जवळपास सगळ्यांकडून चुकते म्हणून नीट सांगतो. त्याने गोलाचा व्यास लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवला. मुंबई ३० मिमी, तर सोलापूर साधारण १३ पट लहान म्हणून २.३ मिमी. गणित बरोबर वाटतं ना? पण डोळा व्यास बघत नाही, गोलाने व्यापलेली जागा बघतो, आणि जागा व्यासाच्या वर्गाने वाढते. म्हणजे १३ पट मोठी मुंबई कागदावर १७१ पट मोठी दिसायला लागली, आणि बार्शी तर ०.३ मिमीचा ठिपका, प्रिंटरला तो काढायलाही जड. गोलाचं क्षेत्रफळ लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिजे, म्हणून व्यासाला वर्गमूळ घ्यायचं. क्यूजीआयएसमध्ये साध्या गोल चिन्हाचा Size म्हणजे व्यासच असतो, तिथं हे टाकलं, pop म्हणजे तक्त्यातला लोकसंख्येचा कॉलम:

```
30 * sqrt("pop" / 12442373)
```

आता मुंबई ३० मिमी, पुणे १५ मिमी (पुण्याची लोकसंख्या मुंबईच्या जवळजवळ पावपट आहे, म्हणून व्यास निम्मा, हे तपासायला फार सोयीचं पडतं), नागपूर १३.२, सोलापूर ८.३, कोल्हापूर ६.३, अहमदनगर ५, बार्शी २.९, पंढरपूर २.७ आणि गडचिरोली २ मिमी. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान दोन्ही एकाच कागदावर दिसतात, आणि मध्ये कुठंही खण पाडायला लागला नाही. प्रत्येक शहराला त्याचा स्वतःचा आकार.

हे टाकल्यावर पहिल्यांदा गोल नीट आले नव्हते, ते पण सांगून ठेवतो. तक्त्यात आकडे ९,५१,५५८ असे स्वल्पविराम घालून लिहिलेले होते, त्यामुळे सॉफ्टवेअरने तो कॉलम अक्षरं म्हणून धरला. स्वल्पविराम काढून आकडा केला की झालं:

```
to_real(replace("pop", ',', ''))
```

वर्गमूळ घेतलं तरी एक बारीक गोष्ट उरते. माणसाचा डोळा मोठ्या गोलाला खऱ्यापेक्षा थोडा लहान समजतो. फ्लॅनरी नावाच्या नकाशातज्ज्ञाने ह्यावर लोकांवर प्रयोग करून ०.५ घाताच्या ऐवजी साधारण ०.५७ वापरायला सांगितलं, क्यूजीआयएसच्या Size Assistant मध्ये Flannery म्हणून तो पर्याय आहेच. तो लावला तर मुंबई ३० धरून सोलापूर ८.३ च्या जागी ६.९ मिमी येतं. मी लावला नाही. एक तर प्रत्येक माणसाचा डोळा वेगळा, आणि दुसरं म्हणजे अण्णा उद्या पट्टी घेऊन मोजायला बसणाऱ्यांपैकी आहेत, त्यांना साधं वर्गमूळ सांगता येतं. त्यापेक्षा मी दहा लाखांच्या वरच्या शहरांजवळ आणि आपल्या जिल्ह्यातल्या गावांजवळ आकडाच छापला. गोलावरून "हे त्याच्या दुप्पट असेल" एवढं कळतं, नेमका आकडा कळत नाही, ही ह्या नकाशाची मर्यादा आहे आणि ती लपवून उपयोग नाही.

खरा त्रास झाला तो मुंबईच्या आजूबाजूला. १५ मिमी त्रिज्या म्हणजे कागदावरच्या प्रमाणाने जमिनीवरचे साडेसदतीस किमी, आणि ठाणे तर त्याच्या आतच येतं. मुंबईच्या गोलाने ठाणे आणि नवी मुंबई गिळून टाकली. पिंपरी-चिंचवडचं पण पुण्याशी तसंच. सगळे गोल लहान करायचा मोह होतो, मुंबई १५ मिमी केली तर गर्दी कमी होते, पण मग बार्शी दीड मिमीवर येते आणि अक्कलकोट ०.९ वर, आणि सोलापुरातल्या माणसाच्या भिंतीवर अक्कलकोट दिसलं नाही तर तो नकाशा काय कामाचा!

म्हणून तीन गोष्टी केल्या. गोलांना आतून अर्धवट पारदर्शक रंग आणि बाहेरून पांढरी बारीक कड दिली. मग Control feature rendering order मध्ये जाऊन लोकसंख्येप्रमाणे उतरता क्रम लावला, म्हणजे मोठे गोल आधी आणि लहान त्यांच्यावर, हे नाही केलं तर तक्त्यात शहरं ज्या क्रमाने असतील त्या क्रमाने येतात आणि अर्धी झाकली जातात. आणि तिसरं, अरबी समुद्राच्या रिकाम्या जागेत मुंबई परिसराचा वेगळा चौकोन टाकला, १ सेमीला ८ किमी अशा मोठ्या प्रमाणाचा. ह्यात एक सांभाळायचं, चौकोनात जमीन मोठी केली तरी गोल मिमीमध्ये तेवढेच ठेवायचे. जमीन ताणली की गोल आपोआप सुटे होतात. गोलही त्या प्रमाणात वाढवले तर गर्दी तशीच राहते, आणि बघणाऱ्याला ठाणे पुण्यापेक्षा मोठं वाटतं. कल्याण आणि उल्हासनगर तरी एकमेकांना चिकटलेलेच राहिले, ती शहरंच चिकटलेली आहेत, तिथं मी जास्त ओढाताण केली नाही.

सूचीत तीन गोल एकात एक, तळाला टेकवून ठेवले, १ कोटी, १० लाख आणि १ लाख, व्यास २६.९, ८.५ आणि २.७ मिमी. गोल आकडे घेतले की माणूस पटकन ताडून बघतो. सोलापूरचा गोल १० लाखाच्या गोलापेक्षा जरा कमी, हे अण्णांनी न सांगता ओळखलं.

शहर म्हणजे नेमकं काय धरायचं, हे पण ठरवायला लागलं. जनगणनेत महापालिकेचा आकडा वेगळा आणि आजूबाजूचं धरून नागरी समूहाचा वेगळा, पुणे महापालिका ३१.२४ लाख पण समूह ५० लाखांच्या वर. समूह घेतला तर पिंपरी-चिंचवड पुण्यात जातं, ठाणे-कल्याण मुंबईत जातं, गर्दीचा प्रश्नच मिटतो. पण अण्णांचा डीलर पिंपरीला वेगळा आणि पुण्यात वेगळा असतो, म्हणून महापालिका-नगरपालिकेचेच आकडे ठेवले आणि तसं खाली लिहिलं. हद्दीचा खेळ सोलापूरवाल्यांना माहीतच आहे, १९९२ ला हद्दवाढ झाली आणि १९९१ चं ६ लाखांचं शहर २००१ ला ८.७२ लाखांचं झालं, २००१ ते २०११ मध्ये मात्र वाढ ८० हजारांच्या आतच. एका वर्षाचा नकाशा असेल तर चालतं, पण दोन जनगणना शेजारी ठेवून गोलांची तुलना करायची असेल तर हे विसरून चालत नाही.

भाच्याने विचारलं, मग दादा, रंगाचा नकाशा वापरायचाच नाही का? वापरायचा की, पण जिथं आकडा जमिनीने किंवा माणसांनी भागलेला असतो तिथं. सोलापूर जिल्ह्याची घनता चौरस किमीला २९० माणसं, हा आकडा सगळ्या जिल्ह्याचाच आहे, तो जिल्ह्यावर पसरला तर खोटं होत नाही. जिल्ह्यातले किती टक्के लोक शहरात राहतात, आपले ३२.४ टक्के, हेही रंगात शोभतं. ही समज काही आजची नाही, १८३७ साली आयर्लंडच्या रेल्वेसाठी हेन्री हार्नेस ह्या इंजिनिअरने नकाशा काढला तेव्हा शहरांची लोकसंख्या गोलांनी दाखवली आणि गावाकडची घनता छटांनी, दोन्ही एकाच कागदावर. मग आम्हीपण तेच केलं, मागे शहरी लोकांच्या टक्केवारीच्या अगदी फिक्या करड्या छटा आणि वर निळे गोल. रंग दोन वेगळे ठेवले, नाहीतर गडद जिल्ह्यावरचा गोल विरून जातो.

नवीन प्रिंट लावली त्या दिवशी अण्णा बराच वेळ भिंतीसमोर उभे होते. मुंबई-पुण्याकडे त्यांनी बघितलंही नाही, ते त्यांना पाठच होतं. बोट ठेवलं ते भिवंडीवर, मग मालेगाववर, मग इचलकरंजीवर. तिन्ही पॉवरलूमची गावं, म्हणजे अण्णांच्याच धंद्यातली, आणि तिन्ही पहिल्या नकाशात नव्हतीच, कारण एकाच्याही नावाचा जिल्हा नाही. "हे सगळे आपल्यासारखेच की रे," म्हणाले, आणि भाच्याला सांगितलं, "लाल पेन आण, ह्या तिघांना खूण कर, इथं टॉवेल विकायला जायचं नाही, सूत कुठनं घेतात ते विचारायला जायचं." मग बार्शीच्या त्या २.९ मिमीच्या गोलाला पट्टी लावून बघितली, आणि पंढरपूरला पण. पंढरपूरचा गोल त्यांना पटला नाही. वारीला येणारी माणसं ह्यात कुठं आहेत, म्हणाले. ती जनगणनेत नाहीत अण्णा, जनगणनेत राहणारी मोजतात. मग तिथं पेनने शेजारी आषाढी असं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं, ते अजून तसंच आहे.